हायकोर्टाने जन्मठेप कायम केल्यावर एसएलपीत काय दाखवावं लागतं?

"भावाची जन्मठेप हायकोर्टाने कायम केली. अपील चालू असताना तो जामिनावर होता. सुप्रीम कोर्टात एसएलपी टाकली तर सगळे साक्षीपुरावे पुन्हा तपासतील का?"

नाही. राज्यघटनेच्या कलम १३६ खालची ही विशेष अनुमती याचिका म्हणजे तिसरं अपील नव्हे, अपील ऐकावं म्हणून मागितलेली परवानगी आहे. प्रीतम सिंग खटल्यात १९५० सालीच न्यायालयाने सांगितलं की, प्रकरणात अपवादात्मक परिस्थिती आहे आणि गंभीर अन्याय झाला आहे, हे दाखवावं लागतं. तुमच्या भावाविरुद्ध तर दोन्ही न्यायालयांचा निष्कर्ष एकच आहे. त्यामुळे 'साक्षीदार खोटं बोलला' एवढ्यावर भागत नाही. निष्कर्ष काढण्याची पद्धतच कायद्याला सोडून होती, हे दाखवावं लागेल.

पुण्याच्या शरद सारडा खटल्याचा १९८४ चा निकाल वकिलाकडून समजून घ्या. पत्नीच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूबद्दल त्यांना सेशन्स कोर्टाने फाशी दिली आणि हायकोर्टाने ती कायम केली. प्रत्यक्ष पाहणारं कोणी नव्हतं, सगळा पुरावा परिस्थितीजन्य. सुप्रीम कोर्टाला दिसलं की, ज्या काही गोष्टींवरून दोषी ठरवलं, त्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ च्या जबाबात, म्हणजे विरोधातला पुरावा समोर ठेवून कोर्ट आरोपीचं स्पष्टीकरण घेतं तेव्हा, त्याला विचारल्याच नव्हत्या. त्या बाजूला काढल्या. आरोपीचा बचाव खोटा ठरला, तरी तो पुराव्याच्या साखळीतली तुटलेली कडी भरून काढू शकत नाही, असंही ठरवलं. आत्महत्येची शक्यता उरत होती, म्हणून निर्दोष सोडलं.

तुमच्या कागदांतही हेच शोधायला हवं. ३१३ चा जबाब (नव्या संहितेत कलम ३५१) आणि हायकोर्टाचा निकाल शेजारी ठेवा. निकालात वापरलेली प्रत्येक गोष्ट भावाला विचारली होती का, ते ओळीओळीने ताडून पाहा. एखादी महत्त्वाची साक्ष निकालात चुकीची उतरली आहे किंवा उलटतपासणीतली कबुली वगळली आहे का, तेही बघा. असा एक ठोस मुद्दा याचिकेच्या सुरुवातीच्या सिनॉप्सिसमध्येच, म्हणजे गोषवाऱ्यातच, आला पाहिजे. पहिल्या सुनावणीला बहुतेकदा काही मिनिटंच मिळतात, तेव्हा वीस मुद्द्यांची जंत्री मुख्य मुद्द्याला बुडवते. खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डवर नसलेला कागद परवानगीशिवाय जोडता येत नाही.

मुदत निकालापासून ९० दिवसांची. उशीर झालाच, तर विलंबमाफीचा अर्ज खऱ्या कारणासह द्या. पण त्याआधी एक गोष्ट तातडीची आहे. भाऊ अजून बाहेर असेल तर त्याने शरण जाऊन तसा दाखला जोडावा लागेल, नाहीतर शरण जाण्यातून सूट मागणारा अर्ज द्यावा लागेल. यातलं काहीच नसेल तर याचिका बोर्डावरच येत नाही. वकिलाची फी झेपत नसेल तर सुप्रीम कोर्ट विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि अर्ज तुरुंगामार्फतही जातो.