उचल मागताना

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतास, म्हणून लिहितोय. आईच्या खुब्याचं हाड मोडलंय, परवा ऑपरेशन आहे, आणि पगारातून उचल मागायला साहेबांपुढे तोंड कसं उघडायचं, हा तुझा प्रश्न. सातपूरच्या एका कारखान्यात मी २२ वर्षं पगारपत्रकं केली. उचलीचे कितीतरी अर्ज माझ्या टेबलावरून गेले. जे परत आले, त्यांतल्या बहुतेकांची अडचण खरीच होती. पण 'पैशांची अत्यंत निकड आहे, सहकार्य व्हावे' एवढंच लिहिलं, की किती द्यायचे आणि ते कधी फिटणार हे साहेबांना स्वतः ठरवावं लागतं. मग कागद 'बघू' म्हणून बाजूला पडतो.

तेव्हा आधी वहीत हिशेब मांड. हॉस्पिटलने दिलेला अंदाज १ लाख ६० हजारांचा. तुझी शिल्लक ४५ हजार, मामा २० हजार देतोय, आणि पीएफमधून आजारपणासाठी तुला ४५ हजार काढता येतील असं तू म्हणालास. एकूण १ लाख १० हजार झाले. कमी पडतात ५० हजार. मागायचे तेवढेच. 'असू द्या जवळ' म्हणून लाख मागितलेस, तर तुझा पगार हातात २६ हजार येतो हे अकाउंट्सवाल्याला पाठ असतं. चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम म्हटली की प्रकरण मालकांपर्यंत जातं आणि तिथेच रेंगाळतं. पीएफचा क्लेम मात्र आजच ऑनलाइन टाक. आधार, बँक खातं आणि पीएफ या तिन्हींत नाव सारखं आहे का ते पाहा, नाहीतर क्लेम परत येतो. ते पैसे यायला दिवस लागले तरी चालेल, कारण हॉस्पिटलला आत्ता ७० हजारच हवेत, उरलेले डिस्चार्जच्या वेळी.

साहेब विचारतीलच, "सरकारी योजनेत बसत नाही का?" तुझा पगार ईएसआयसीच्या मर्यादेच्या वर आहे, आणि हे हॉस्पिटल महात्मा फुले योजनेत नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राकडे चौकशी केलीस, पण खाट लगेच मिळत नव्हती. हे एका वाक्यात सांग. विचारायच्या आधी सांगितलंस तर आणखी बरं.

आता फेडीचं. हप्ता तूच सुचव. ५ हजार दरमहा, दहा महिने. भाडं ६ हजार, गाडीचा हप्ता ३,२००, घरी पाठवतोस ते ८ हजार, हे सगळं वजा करून तुझ्याकडे पावणेनऊ हजारांच्या आसपास उरतात, त्यातून ५ हजार जातील. तंगी होईल, पण जमेल. शौर्य दाखवून १० हजारांचा हप्ता लिहू नकोस. खुब्यानंतर वॉकर, फिजिओथेरपी, घरी मदतीला बाई, हा खर्च हॉस्पिटलच्या अंदाजात नसतो. तिसऱ्या महिन्यात 'हप्ता कमी करा' म्हणत आलेले मी पाहिलेत, आणि त्यांना पुढच्या वेळी उचल मिळणं अवघड होतं.

अर्ज एका पानाचा हवा:

'माझ्या आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया परवा ठरली आहे. एकूण अंदाजित खर्च १,६०,००० रुपये असून १,१०,००० रुपयांची सोय मी केली आहे. उरलेल्या ५०,००० रुपयांची उचल मिळावी, ही विनंती. पुढील महिन्याच्या पगारापासून दरमहा ५,००० रुपये दहा हप्त्यांत कापावेत. हप्ते फिटण्याआधी नोकरी सोडल्यास शिल्लक रक्कम अंतिम हिशेबातून वळती करावी. रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात भरली तरी चालेल. सोबत हॉस्पिटलचा अंदाज व डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे.'

शेवटून दुसरं आणि तिसरं वाक्य मुद्दाम घातलंय. माणूस निघून गेला तर काय, आणि पैसे खरंच उपचाराला जातील का, या दोन शंका साहेब तोंडावर बोलत नाहीत, पण सही तिथेच अडते.

आधी सुपरवायझरना तोंडी सांग, मग मेल कर. त्यांना डावलून वर गेलास तर त्यांचा शेरा कोरडा येतो. आज २१ तारीख. बऱ्याच ठिकाणी पगाराचं काम २५ च्या सुमारास बंद होतं, म्हणून 'या पगारासोबत नको, आधी स्वतंत्र द्यावेत' असं स्पष्ट बोल. रजेचा अर्ज वेगळा दे. दोन्ही एकत्र केलेस तर आधी रजेवर चर्चा होते आणि पैशांचं राहून जातं.

मंजुरी तोंडी मिळाली तरी हप्त्याचा आकडा लेखी घे आणि पहिल्या पगारपत्रकावर कपात तपास. माझ्याच हातून एकदा एकाचा हप्ता दुप्पट कापला गेला होता. त्याने दोन महिने पाहिलंच नाही.

मेल पाठवायच्या आधी मला दाखव. आणि हॉस्पिटलच्या अंदाजावर तारीख, शिक्का आहे ना, तेवढं आत्ताच बघ.

तुझा,
काका