मैत्रिणीच्या लग्नाला जमत नसेल तर चिठ्ठी अशी लिही

जाणार नाहीस हे ठरलं असेल तर "बघते, प्रयत्न करते" लिहू नकोस. तिच्या घरच्यांना केटररला पानांचा आकडा द्यायचा असतो, आणि तीही शेवटपर्यंत वाट बघत राहते. चिठ्ठी हळदीच्या चार-पाच दिवस आधी पोचू दे. लग्नादिवशी नवरीचा फोन कुणाच्या पर्समध्ये असतो देव जाणे.

कारण एका ओळीत सांग. मी एकदा न मिळालेल्या रजेचं सगळं रामायण लिहिलं, तर नवरीच माझी समजूत काढत बसली! उरलेली जागा तुम्हा दोघींच्या एखाद्या आठवणीला दे. "नांदा सौख्य भरे" पाकिटावर छापलेलं असतंच. असं काहीसं:

"अगं, त्याच दिवशी माझा पेपर आहे, येता येत नाही. फार चुटपुट लागलीय. होस्टेलवर एका डब्यातून पिठलं-भाकरी खाताना तू म्हणालीस, 'माझ्या लग्नात करवली तूच.' तो मान हुकला. अंतरपाट दूर होईल तेव्हा इथूनच अक्षता टाकेन. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दोघं जेवायला या. पिठलं मी करते."

'कधीतरी या' नको, वार लिही.