डबी चालते, मग घोडी का नाही?

अगं, तू तुझ्या गोष्टीत 'राजाच्या वाड्याशेजारी एक छोटी वाडी होती' असं लिहिलंस ना, तिथे लहान वाडा कुणाच्याच डोळ्यासमोर येत नाही, चार घरांची वस्ती येते. नवीन असताना हे होतंच. डबा-डबी, लोटा-लोटी, दोर-दोरी बघून वाटतं की शेवटी ई लावली की झालं छोटं! पण ते मुख्यतः निर्जीव वस्तूंना, आणि तिथेही सगळ्यांना नाही. घोडा-घोडी केलं की मादी होते, आकार काही कमी होत नाही.

सुरुवातीला एवढंच बघ:

- टं जपून वापर. रोपचं रोपटं झालं की फक्त लहान होतं, पण पोरचं पोरटं म्हटलं की लाड नाही, वैताग ऐकू येतो. घरटं तर थेट पक्ष्याचं, माणसाचं छोटं घर हवं असेल तर घरकुल लिही.
- लाडासाठी उला, उली, उकला बरे, सोनुली, सानुला, चिमुकला, पण ते ठरलेल्या शब्दांनाच शोभतात, टेबलुलं वगैरे केलंस तर लोक हसतील (गंमत म्हणून ठीक).
- नावांत गणू म्हणजे लाड आणि गण्या म्हणजे दोस्ती किंवा दटावणी, त्यामुळे आजीच्या तोंडी कुठलं द्यायचं ते प्रसंग बघून ठरव.

आणि शब्द बदलला की विभक्तीच्या प्रत्ययाआधीचं रूप पण बदलतं हां, 'रोपटंला' नाही, रोपट्याला. तुझ्या गोष्टीत हे दोनदा चुकलंय, तेवढं आधी नीट कर, अनेकवचनाचं नंतर बघू.