खांदा दोनदा निखळला. आता भरती की ऑपरेशन?

"मुलगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. आठ महिन्यांत उजवा खांदा दोनदा निखळला. दोन्ही वेळा मैदानावरच मित्रांनी ओढून बसवला. आता दुखत नाही. पोलीस भरतीची मैदानी तीन महिन्यांवर आहे. गोळाफेकीचा सराव करू द्यावा का? ऑपरेशन केलं तर करिअर संपेल का?"
— एक वडील, सांगली

नमस्कार. 'दुखत नाही' यावर विसंबू नका. खांदा बसला की दुखणं काही आठवड्यांत जातं; आत फाटलेलं असतं ते तसंच राहतं. खांद्याची खोबणी बशीसारखी उथळ. तिच्या कडेने लॅब्रम नावाची कूर्चेची कड असते, ती हाडाच्या गोळ्याला अडवते. चढाईत हात वर आणि बाहेर असताना कोणी मागे खेचला की गोळा पुढे सटकतो आणि पुढची कड सोलून निघते. खोबणीच्या धारेवर आदळून गोळ्याला मागे खळगाही पडतो. पुढे दर वेळी खोबणीचं हाड थोडं थोडं झिजत जातं. झोपेत कूस बदलताना किंवा शर्ट काढतानाही खांदा सटकल्यासारखा वाटतो का, त्याला विचारा. वाटत असेल तर बहुधा हाड झिजलंय.

मित्रांची ओढाताण मात्र बंद. आधी एक्स-रे, दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का याची तपासणी, वेदनाशामक, आणि मग कोपर अंगाला चिकटवून हात सावकाश बाहेर वळवत खांदा बसवतात. हाडाला आधीच तडा असेल तर जोराच्या हिसक्याने ते पुरतं मोडतं.

खरा शत्रू आहे वय. एडिंबरामध्ये १५ ते ३५ वयाच्या रुग्णांची पाहणी झाली होती. पहिल्यांदा निखळल्यावर दोन वर्षांत निम्म्याहून अधिकांचा खांदा पुन्हा दगा देऊन गेला, आणि तरुण मुलांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. तुमच्या मुलाचा तर दोनदा झालाय. नुसत्या व्यायामावर त्याला परत कबड्डीत सोडणं मला पटत नाही.

आधी एमआरआय आणि सीटी स्कॅन करा. खोबणीचं किती टक्के हाड गेलंय, ते रिपोर्टमध्ये लिहून मागा. हाड शाबूत असेल तर दुर्बिणीतून कड परत शिवतात. पाचवा हिस्सा किंवा अधिक गेलं असेल तर नुसती शिवण टिकत नाही. शेजारच्या हाडाचा तुकडा खोबणीच्या पुढे स्क्रूने बसवावा लागतो. दोन्हींनंतर अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात परतायला साधारण सहा महिने धरा.

म्हणजे ही भरती हातची गेली असं समजा. मैदानीच्या ५० पैकी १५ गुण गोळ्याचे, आणि ७.२६० किलोचा गोळा ढकलताना खांदा निखळला तर लेखीही बुडेल. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २८ आहे, तो १९ चा. उरलेले ३५ गुण धावण्याचे. ऑपरेशननंतर धावायची परवानगी गोळ्याच्या बरीच आधी मिळते. तोवर लेखीची तयारी सुरू ठेवा.