नमुन्याच्या फोटोवरून लोकरीचा अंदाज

प्रश्न: पट्टी ठेवून काढलेल्या फोटोत १० सेंमीमध्ये २० टाके, २८ ओळी दिसतात. छाती १००, लांबी ६० सेंमीच्या स्वेटरला लोकर किती घेऊ? मी कोल्हापूरची.

उत्तर: साधारण ५०० ग्रॅम घ्या, पण आधी नमुन्याचं वजन करा, कारण फोटो टाके सांगतो, लोकरीचा जाडपणा नाही. ऑर्डरचे स्वेटर विणताना मी हाच हिशेब करते. समजा, नमुना ३० टाके आणि ४२ ओळींचा, म्हणजे १,२६० टाक्यांचा आहे आणि वजन ११ ग्रॅम भरलं. अंगाला २०० टाके गुणिले १६८ ओळी, म्हणजे ३३,६०० टाके. बाही सरासरी ३४ सेंमी रुंद, ४५ लांब धरली तर दोन्हींचे मिळून १७,१३६. एकूण ५०,७३६ भागिले १,२६० म्हणजे जवळपास ४० नमुने, सुमारे ४४३ ग्रॅम. गळपट्टी, शिवण आणि उसवाउसवीसाठी दहा टक्के वर धरा.

किचनच्या काट्यावर अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला, तरी इथे २० ग्रॅमचा फरक पडतो. गुजरीत ओळखीचा सराफ असेल तर त्याच्या काट्यावर तोलून घ्या.

टाके मोजताना कडेचे सोडून मधले मोजा आणि अर्धा टाकाही धरा. फोटो तिरका असेल तर पट्टी आणि विणीचं माप जुळत नाही, तेव्हा कॅमेरा सरळ वरून धरा.

हा आकडा नमुन्याच्याच विणीपुरता. वेण्यांच्या डिझाइनला लोकर जास्त लागते, तिचा नमुना वेगळा विणून तोला.