अंड्यातल्या फ्लूच्या लसीत आणि सेल-बेस्ड किंवा रिकॉम्बिनंटमध्ये खरंच फरक आहे का? बाबा 68 वर्षांचे आहेत, अमेरिकेत माझ्याकडे आलेत, कुठली देऊ?

फरक आहे, पण दरवर्षी सारखा नसतो.

2016 च्या ऑक्टोबरात माझे बाबा साताऱ्याहून न्यू जर्सीला आले, आल्या आल्या लस दिली, तरी जानेवारीत फ्लूने आडवे, टेस्टमध्ये इन्फ्लुएंझा ए. लगेच दाजींचा फोन, "सांगत होतो ना, लस म्हणजे नुसता धंदा." मी तेव्हा चिडून वाचायला बसले ते आजपर्यंत वाचतेय.

त्या सीझनला इन्फ्लुएंझा ए च्या H3N2 या प्रकाराचा जोर होता. माणसांत फिरणाऱ्या व्हायरसच्या हिमॅग्लुटिनिनवर, म्हणजे ज्या प्रोटीनने तो पेशीला चिकटतो त्यावर, एका मोक्याच्या जागी साखरेचा नवा झुबका आला होता. लसीसाठी तोच व्हायरस कोंबडीच्या अंड्यात वाढवला, आणि अंड्यात जमवून घेताना त्याने 160 नंबरचं अमिनो ॲसिड बदललं आणि तो झुबका गायब. मग लसीने अँटीबॉडी बनवल्या त्या अंड्यातल्या व्हायरसला छान चिकटायच्या, बाहेरच्याला नीट नाही. म्हणजे घोळ लस या कल्पनेत नव्हता, अंड्यात होता, आणि दाजींना हे आजही पटत नाही.

सेल-बेस्डमध्ये व्हायरस कुत्र्याच्या किडनीपासून बनवलेल्या एमडीसीके पेशींत वाढवतात, तिथे हा बदल करायची त्याला तेवढी गरज पडत नाही. पण गंमत अशी की त्या वर्षीपर्यंत सेल-बेस्ड लसीचं बियाणंही, म्हणजे वाढवायला घेतलेला सुरुवातीचा व्हायरस, अंड्यातूनच आलेलं असायचं, त्यामुळे तीही दिली असती तरी या बाबतीत फायदा नव्हता. H3N2 साठी पेशीतलंच बियाणं 2017-18 पासून वापरलं. रिकॉम्बिनंटमध्ये तर व्हायरस वाढवतच नाहीत, फक्त हिमॅग्लुटिनिनचा जीन किड्याच्या पेशींत घालून प्रोटीन काढतात, आणि डोसही प्रत्येक स्ट्रेनचा 45 मायक्रोग्रॅम, साध्या लसीत 15. मुळात हे सगळं सुरू झालं ते बर्ड फ्लूच्या धास्तीने, कोंबड्याच मेल्या तर अंडी कुठून आणणार म्हणून. अंड्यातल्या म्यूटेशनचं प्रकरण नंतर जास्त गाजलं.

आता जरा हात आखडता घेते. बाबांना नेमकं त्या झुबक्यामुळेच झालं हे मी सिद्ध करू शकत नाही. 2017-18 ला अमेरिकेतल्या 65 च्या पुढच्या लोकांत सेल-बेस्ड लस अंड्यातल्या साध्या लसीपेक्षा फक्त दहाएक टक्क्यांनी सरस निघाली. आणि पुढच्या सीझनच्या लसीसाठी फेब्रुवारीत स्ट्रेनच चुकीचा निवडला गेला तर कुठलीही पेशी वाचवत नाही.

तुमच्या बाबांसाठी रिकॉम्बिनंट, हाय-डोस किंवा ॲडज्युव्हंटवाली, म्हणजे प्रतिकारशक्तीला जास्त चेतवणारा घटक घातलेली, यातली मिळेल ती घ्या. 2022 पासून 65 च्या पुढे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी याच तिघींना प्राधान्य द्यायला सांगते, आणि त्यातली हाय-डोस अंड्यातलीच आहे बरं का. फार्मसीत तिन्ही नसतील तर जी असेल ती त्याच दिवशी टोचून घ्या, शोधत बसू नका.