जवसातला ओमेगा थ्री आणि माशातला ओमेगा थ्री

प्रश्न: मी मासे खात नाही, रोज जवस खातो, तेवढ्यानं ओमेगा थ्री पुरतं का?

पूर्ण पुरत नाही. ओमेगा थ्रीचे प्रकार असतात: जवसात असतं ते एएलए, आणि मेंदूला, डोळ्यांना लागतं ते डीएचए, जे माशात तयारच मिळतं. शरीर एएलएपासून आधी ईपीए हा आणखी एक प्रकार आणि मग डीएचए बनवतं खरं, पण फार कमी, कारण बरंचसं एएलए इंधन म्हणून जळून जातं.

हिशोब बघा, दोन मोठे चमचे जवसाची पूड म्हणजे साधारण ३ ग्रॅम एएलए, त्यातलं ५ टक्के ईपीए झालं धरलं तर १५० मिलिग्रॅम, आणि डीएचए बहुतेकांत १ टक्क्याच्याही आत, म्हणजे ३० मिलिग्रॅमसुद्धा नाही, आणि रोज ईपीए, डीएचए मिळून २५० मिलिग्रॅम तरी हवं म्हणतात. तरुण बायकांमध्ये इस्ट्रोजेनमुळे हे जरा जास्त बनतं.

त्यात सूर्यफूल, मका असल्या तेलांतलं ओमेगा सिक्स, एएलएचं ईपीए-डीएचए करणारंच एन्झाइम वापरतं, त्यामुळे ते तेल जास्त असेल तर अजून कमी बनतं. आणि जवस अख्खं खात असाल तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं, दळूनच खा.

जवस सोडू नका, पण सोबत शैवालाच्या तेलाची कॅप्सूल घ्या, लेबलवर डीएचए किती मिलिग्रॅम ते बघून. मासेसुद्धा डीएचए मुळात शैवालातूनच मिळवतात. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.